अर्जंटचे अडीचशे कशाचे?

लग्नसराईत ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येक दुकानात हा प्रसंग घडतो. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढतं आणि म्हणतं, "ताई, परवा हळद आहे. उद्यापर्यंत द्याल ना?" ताई 'बघते' म्हणतात, आणि ब्लाउज न्यायच्या वेळी बिलात अडीचशे जास्त दिसले की दोघींची तोंडं उतरतात. रक्कम चुकीची नसते. ती सांगायची वेळ चुकलेली असते.

हे अडीचशे येतात कुठून? समजा, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई सातशे आहे आणि त्यातले अडीचशे कारागिराला नगावर मिळतात. रात्री थांबायचं तर तो दीडपट मागतो, म्हणजे सव्वाशे जास्त. हुक आणि हातशिलाई करणाऱ्या बाईंचे वीस, मॅचिंग अस्तरासाठी बाजारात एक खास फेरी, तिचे तीस. झाले पावणेदोनशे. उरलेले पंचाहत्तर अडलेल्या कामाचे. एरवी चार-पाच ब्लाउज एकत्र बेतले जातात. मधेच एक घुसला की मांडलेलं काम उचलावं लागतं, मशीनवरचा दोरा बदलावा लागतो.

काही गोष्टी मात्र पैशानेही लवकर होत नाहीत. सुती अस्तर भिजवून वाळवल्याशिवाय बेतलं, तर पहिल्या धुण्यात आटतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. घाईत वाफेच्या इस्त्रीवर भागवलं तरी ते पूर्ण आटत नाही. म्हणून आत जास्त दाब सोडायचा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगायचंही. भरगच्च आरीकाम एका रात्रीत होत नाही. तिथे जादा दर सांगण्यापेक्षा नकार बरा.

आता सांगायचं कसं? माप घेण्याआधी. कापड एकदा बेतलं की गिऱ्हाइकाला परत फिरता येत नाही, आणि तेव्हा सांगितलेला दर अडवणूक वाटतो. टक्के सांगू नयेत, रुपये सांगावेत; आणि दोन तारखा समोर ठेवाव्यात: "नेहमीच्या सातशेत पुढच्या गुरुवारी मिळेल. उद्या संध्याकाळी सातला हवा असेल तर कारागिराला रात्री थांबवावं लागेल, साडेनऊशे होतील. कसं करू या?" यात आर्जव नाही, उपकारही नाहीत. निवड गिऱ्हाइकाची आहे. 'तुम्हीच उशिरा आलात' हे वाक्य मात्र खरं असलं तरी गिळावं.

पावतीवर शिलाई ७०० आणि अर्जंट २५० असं वेगळं लिहावं, शेजारी वेळही. जुन्या गिऱ्हाइकाला सूट द्यायची असेल तर तीही पावतीवरच दाखवावी. नाहीतर पुढच्या वेळी पूर्ण दर घेतला की तो वाढवल्यासारखा वाटतो.

आणि सातचे नऊ वाजले, तर गिऱ्हाइकाने मागायच्या आत ते अडीचशे परत करावेत. ते शिलाईचे नव्हतेच, वेळेचे होते.