विश्वस्तपत्रातलं वारसाक्रमाचं कलम

छोट्या कौटुंबिक धर्मादाय न्यासाचे वाद बहुधा वारसाक्रमाच्या कलमातून निघतात, म्हणून ते आधी वाचावं. समजा, तीन भाऊ विश्वस्त आहेत आणि ‘रिक्त जागा उरलेल्या विश्वस्तांनी भरावी’ असं लिहिलं आहे. एक भाऊ वारला, तर त्याचा मुलगा आपोआप विश्वस्त होत नाही; उरलेल्या दोघांनी ठराव करून नेमणूक करावी लागते. महाराष्ट्रात हा बदल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. विश्वस्तांच्या अधिकारांत जमीन विकण्याची मुभा असली, तरी 1950 च्या कायद्यातील कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागतेच. उद्दिष्टांत फक्त ‘शिक्षण’ असेल, तर दवाखाना कितीही गरजेचा वाटला तरी न्यासाचा पैसा त्यावर खर्च करता येत नाही.