उताऱ्यात आहे तेवढेच खरे

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस देणाऱ्यांना रीडिंगच्या पेपरात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवावे लागतात. त्यातल्या ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रकारात चांगले इंग्रजी येणारेही अडखळतात. उतारा कळलेला असतो, विधानही कळलेले असते. तरी ‘फॉल्स’ लिहायचे की ‘नॉट गिव्हन’, हे काही केल्या ठरत नाही. कारण वाचताना आपण उताऱ्यातल्या मोकळ्या जागा नकळत स्वतःच्या माहितीने भरत जातो, आणि हा प्रश्न नेमका तिथेच पकडतो.

परीक्षेतला उतारा अर्थातच इंग्रजीत असतो, पण युक्तिवाद समजून घ्यायला मराठी उतारा पुरेसा आहे. समजा, तो असा आहे: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे भारतातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली. तिच्या चौदा डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे होते. गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडली होती.’

पहिले विधान: ‘गाडीला एकाहून अधिक इंजिने होती.’ हे शब्द उताऱ्यात नाहीत; पण तीन म्हणजे एकाहून अधिकच, म्हणून उत्तर ‘ट्रू’. ‘ही गाडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुटली’ हेही ‘ट्रू’च. १८५३ वरून शतक काढावे लागते, पण त्यात अंदाज कुठेच नाही. दिलेल्या माहितीतून जे अटळपणे निघते, ते सांगितल्यासारखेच धरायचे.

दुसरे विधान: ‘गाडी सकाळी सुटली.’ उताऱ्यात ‘सकाळी नाही’ असे कोणी लिहिलेले नाही. तरीही दुपारी सुटलेली गाडी सकाळी सुटलेली असू शकत नाही, म्हणून ‘फॉल्स’. ‘फॉल्स’ म्हणायला उताऱ्यात नकारार्थी वाक्य असावे लागत नाही. विधानाशी टक्कर देणारी माहिती असावी लागते.

तिसरे विधान: ‘पाहुण्यांकडून तिकिटाचे पैसे घेतले गेले नाहीत.’ इथे बरेच जण फसतात. निमंत्रण देऊन बोलावलेल्या माणसाकडून पैसे कोण घेईल, असे म्हणून ते ‘ट्रू’ लिहितात. पण निमंत्रण होते हे उतारा सांगतो. पैशांचे काय झाले, ते सांगत नाही. मधला दुवा आपल्या रीतिरिवाजाने जोडलेला आहे. उत्तर ‘नॉट गिव्हन’.

चौथे विधान सर्वांत अवघड: ‘त्याआधी भारतात एकही रेल्वेगाडी धावली नव्हती.’ ‘पहिली’ हा शब्द दिसताच हात ‘ट्रू’कडे जातो. पण उतारा फक्त ‘पहिली प्रवासी गाडी’ म्हणतो. आता दुसरी बाजू पाहा. १८५१ मध्ये रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामासाठी सामान वाहायला वाफेचे इंजिन वापरले होते. इतिहास जाणणारा विद्यार्थी त्यामुळे ‘फॉल्स’ लिहील, आणि त्याचाही गुण जाईल. प्रवासी नसलेल्या गाड्यांबद्दल उतारा गप्प आहे, म्हणून इथेही ‘नॉट गिव्हन’च. विधान जगात खरे की खोटे, हा प्रश्नच परीक्षेने विचारलेला नाही.

या चारही उत्तरांमागे एकच कसोटी आहे. उतारा शंभर टक्के खरा माना आणि विचारा: मग हे विधान खरे असलेच पाहिजे का? हो असेल तर ‘ट्रू’. खरे असूच शकत नाही का? मग ‘फॉल्स’. उताऱ्याला धक्का न लावता विधान खरेही असू शकते आणि खोटेही, असे दिसले तर ‘नॉट गिव्हन’. तिकिटाच्या विधानाला ही कसोटी लावून पाहा: पैसे घेतले असोत वा नसोत, उताऱ्यातले एकही वाक्य खोटे ठरत नाही.

विधानातल्या ‘सर्व’, ‘फक्त’, ‘बहुतेक’, ‘कधीच नाही’, ‘त्यामुळे’ अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढावी, कारण पुष्कळदा उत्तर तिथेच ठरते. विषयाचा शब्द उताऱ्यात सापडला म्हणजे माहिती सापडली, असे मात्र समजू नये. ‘पाहुणे’ सापडले, त्यांचे भाडे सापडले नाही.

विधाने साधारणपणे उताऱ्याच्या क्रमानेच येतात. म्हणून तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल, तर दुसऱ्या आणि चौथ्याच्या जागांमधला मजकूर दोनदा नीट वाचावा. तिथेही काही नसेल, तर ‘नॉट गिव्हन’ लिहून पुढे जावे. नसलेली गोष्ट शोधण्यात पुढच्या उताऱ्याची मिनिटे जातात. चुकीच्या उत्तराला या परीक्षेत गुण कापत नाहीत, तेव्हा जागा कोरी ठेवू नये. आणि सराव करताना प्रत्येक ‘ट्रू’ व ‘फॉल्स’समोर ते सिद्ध करणाऱ्या ओळीचा क्रमांक लिहा. ओळ दाखवता आली नाही, तर ते उत्तर उताऱ्याचे नसून तुमचे आहे.