काचेच्या फळीला धातू लागू देऊ नये

काचेची फळी वजनाने क्वचितच मोडते. ती मोडते ती बहुधा कडेच्या एखाद्या बिंदूपासून. लोखंडावर जास्त ताण आला की ते किंचित वाकते आणि तो ताण आजूबाजूला वाटला जातो. काचेला ही सोय नाही. कापताना कडेवर राहिलेल्या बारीक चिरेपाशी ताण साठतो आणि एका मर्यादेपलीकडे तीच चीर पुढे धावते. म्हणून ब्रॅकेटचा धातू, स्क्रूचे टोक किंवा टाइलची कड काचेला थेट भिडू नये, एवढ्यासाठीच सगळी खटपट असते. वर-खाली रबर आणि बाजूंना मोकळी जागा, या दोन गोष्टींनी ते साधते.

न्हाणीघरासाठी 8 मिलिमीटरची टफन काच योग्य. ही काच भट्टीत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. त्यामुळे ती साध्या काचेच्या साधारण चौपट ताण सोसते, आणि फुटलीच तर लांब धारदार सुळक्यांऐवजी तिचे बारीक दाणे होतात. मात्र टफन केल्यावर ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही आणि तिची कडही घासता येत नाही. माप चुकले तर काच वाया गेली. म्हणून काचवाल्याला अंतिम माप द्यावे आणि चारही कडा पॉलिश करून, कोपरे किंचित मारून मागाव्यात.

समजा, दोन भिंतींमधल्या कोनाड्यात फळी बसवायची आहे. रुंदी मागे, मध्ये आणि पुढे अशा तीन ठिकाणी मोजावी, कारण टाइल लावलेल्या भिंती सहसा तंतोतंत समांतर नसतात. मापे 603, 600 आणि 598 मिलिमीटर आली, तर हिशोब सगळ्यात लहान मापाचा धरायचा. दोन्ही बाजूंना 3-3 मिलिमीटर सोडले की काच 592 मिलिमीटरची होते. ही फट उन्हाळ्यात काच फुगते म्हणून ठेवायची, असा एक समज आहे. प्रत्यक्षात 30 अंशांच्या फरकाने एवढी काच जेमतेम 0.16 मिलिमीटर वाढते. फटीचे खरे काम वेगळे आहे. भिंत वाकडी असली तरी फळी सहज आत जावी आणि बसवताना किंवा पुसताना तिचा कोपरा टाइलवर आपटू नये, यासाठी ती असते. टफन काच पृष्ठभागावर बराच मार सोसते, पण कोपऱ्यावरचा छोटा टोलाही तिला पुरतो.

ही फळी 120 मिलिमीटर खोल असेल तर तिचे वजन साधारण 1.4 किलो भरते. शाम्पूच्या बाटल्या, तेल, साबण मिळून आणखी चारेक किलो धरावेत. ब्रॅकेट अगदी टोकांना लावले तर फळी मध्ये झोळते आणि जवळ आणले तर टोके लटकतात. प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे एक पंचमांश आत ब्रॅकेट ठेवले की ताण बराच सारखा वाटला जातो. इथे 120 मिलिमीटर आत ब्रॅकेट घेतले, तर दोन ब्रॅकेटच्या मध्यांमध्ये 352 मिलिमीटर अंतर पडते.

आधी एका ब्रॅकेटची जागा खुणावून स्पिरिट लेव्हलने दुसऱ्याची रेषा काढावी. नळाच्या किंवा गिझरच्या जोडणीच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, कारण तिथे भिंतीत पाइप असण्याची शक्यता मोठी. खुणेवर मास्किंग टेप चिकटवली की ड्रिलचे टोक घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवून हळू फिरवावे आणि मगच भिंतीत हॅमर लावावा. प्लग टाइलच्या मागे, भिंतीत पूर्ण गेला पाहिजे. तो टाइलच्या जाडीतच फुगला तर टाइल तडकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

यानंतरचा भाग रबराचा. पकडीच्या ब्रॅकेटमध्ये काचेची मागची कड खाचेत शिरते. पुढे बाटल्यांचा भार आला की फळी पुढे कलू पाहते. तेव्हा खालच्या जबड्याची पुढची कड काचेला वर रेटते आणि वरच्या जबड्याचा मागचा भाग तिला खाली दाबतो. याच दोन ठिकाणी धातू उघडा राहिला की घात होतो. म्हणून खालचे रबर जबड्याच्या पुढच्या टोकापर्यंत यायला हवे आणि वरचे मागपर्यंत पोहोचायला हवे. खाचेच्या तळाशी, काचेच्या मागच्या कडेलाही एक तुकडा हवा.

ब्रॅकेट घेताना खाचेचे माप पाहावे. 8 मिलिमीटरच्या काचेला वर-खाली एकेक मिलिमीटरचे रबर धरले तर खाच 10 मिलिमीटरची लागते. खाच 8 मिलिमीटरची असेल तर घाईत रबर काढून टाकले जाते आणि काच धातूवर बसते. रबर स्पंजासारखे मऊही नसावे. ते दबून बाजूला सरकते. अखेरीस खालचा स्क्रू ॲलन कीने हाताच्या हलक्या जोराने आवळावा आणि रबर किंचित दबलेले दिसले की थांबावे. स्क्रूचे टोक काचेवर नव्हे, त्याच्या पट्टीवर किंवा रबरावर टेकले पाहिजे.

तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी काच आणि धातूच्या फटीत सरकवून चहूकडे फिरवावी. रबराशिवाय ती कुठे अडकली तर तिथे धातू लागलेला आहे. एका कोपऱ्यावर बोटाने दाबल्यावर फळी डुगडुगली तर एक ब्रॅकेट वर किंवा खाली गेला आहे. अशा वेळी स्क्रू आवळून फळी सरळ करू नये. त्याने काच कायमची पिळलेली राहते. ब्रॅकेटची उंची दुरुस्त करावी किंवा कमी पडणाऱ्या बाजूला जाडसर रबर घालावे.

कपाटात फळी सहसा चार पिनांवर टेकते. तिथे दोन्ही बाजूंना 2-2 मिलिमीटर सोडणे पुरते. पावसाळ्यात प्लायवूड दमट हवेने किंचित फुगते, त्यालाही ही जागा लागते. फट मात्र वाढवत नेऊ नये. पिन 8 मिलिमीटरच बाहेर असेल आणि काच प्रत्येक बाजूला 5 मिलिमीटरने लहान असेल, तर टेकायला 3 मिलिमीटर उरतात आणि धक्का बसताच फळी घसरते. पिनांवर रबरी टोप्या असाव्यात. समोरच्या कडेपासून कपाटाचे दार बंद होताना काचेवर आपटणार नाही, इतके अंतर ठेवावे.

बसवल्यानंतर वर्षातून एकदा फळी रिकामी करून रबर पाहावे. ते कडक झाले असेल, चिरले असेल किंवा अर्धे बाहेर आले असेल तर बदलावे. ब्रॅकेटजवळ कडेला शिंपल्यासारखा छोटा टवका उडालेला दिसला तर काच वापरणे थांबवावे. टफन काचेतला असा टवका दुरुस्त होत नाही आणि ती पुढे केव्हाही एकदम फुटू शकते.