पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

बंगळूरच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांतून फिरताना जुन्या आणि नव्या घरांची सरमिसळ पदोपदी जाणवते. काही घरांवर आजही 'मद्रास टेरेस' पद्धतीची छते आहेत. लाकडी वाशांवर चुन्यात उभ्या विटा रचून केलेले हे छत वर्षानुवर्षे टिकते. पण गळू लागले की मालकाची झोप उडवते. अशा घरांची डागडुजी, गच्चीची जलरोधक प्रक्रिया, स्वयंपाकघराची व न्हाणीघराची नवी मांडणी करून देणारे एक व्यावसायिक आमचे खातेदार आहेत. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेण्यासाठी ते आले, तेव्हा त्यांनी कौतुकाने मोबाईल पुढे केला. त्यात त्यांच्या नऊ ग्राहकांचे चित्रित अभिप्राय होते.

नऊही अभिप्राय मी पाहिले. प्रत्येक ग्राहक सोफ्यावर बसून साधारण वीस सेकंद एकच सांगत होता : काम उत्तम झाले, वेळेत झाले, सर्वांनी अवश्य संपर्क साधावा. काम कोणते होते, आधी काय त्रास होता, खर्च अंदाजात राहिला का, यांपैकी कशाचाही पत्ता नव्हता.

"वाक्ये तुम्हीच लिहून दिली होती का?" मी विचारले.

"लोक कॅमेऱ्यापुढे गोंधळतात साहेब, म्हणून दिली," ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी दहाव्या अभिप्रायाची हकिकत सांगितली. तो त्यांना काढून टाकावा लागला होता.

एका मराठी कुटुंबाच्या सहाशे चौरस फुटांच्या गच्चीचे काम फेब्रुवारीत पूर्ण झाले. ज्या दिवशी शेवटचा हप्ता मिळाला, त्याच दिवशी घरातील आजींचा अभिप्राय चित्रित केला गेला. "आता गळतीची काळजी मिटली," असे आजी त्यात हसतमुखाने सांगत होत्या. मे महिन्यात वळवाच्या दोन मोठ्या सरी आल्या आणि पन्हाळीच्या तोंडाशी पुन्हा ओल दिसू लागली. आजींचा दूरध्वनी आला. "गळतंय ते तुम्ही दुरुस्त कराल, ठाऊक आहे मला. पण माझ्या तोंडचं ते वाक्य अजून लोकांना दाखवताय ना? ते आधी काढा. माझ्या शब्दावर कुणी पैसे मोजले तर?"

या विषयाचे सारे मर्म आजींच्या या प्रश्नात आहे. अभिप्राय व्यवसायाची जाहिरात करतो, पण पणाला लागते ती ग्राहकाची पत. आणि फेब्रुवारीत आजी खोटे बोलल्या नव्हत्या; ज्याची परीक्षाच झाली नव्हती, त्याबद्दल त्यांना बोलायला लावले गेले होते.

म्हणून पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. अभिप्राय केव्हा घ्यायचा, हे कामाच्या प्रकारावर ठरावे. रंगकामाबद्दल हस्तांतरणाच्या दिवशीही बोलता येते. स्वयंपाकघराचे खण, कप्पे आणि बिजागऱ्या रोजच्या वापरात दोन-तीन महिने गेल्यावर खरे रूप दाखवतात. गच्चीला मात्र पावसाळा पाहावाच लागतो. बंगळूरला एप्रिल-मेमध्ये वळीव येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराचा पाऊस असतो. तेव्हा तेथील जलरोधक कामाचा अभिप्राय नोव्हेंबरपूर्वी घेण्यात अर्थ नाही.

याच्या उलट, एक गोष्ट लवकर करावी लागते. आधीच्या अवस्थेचे चित्रण काम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवायला हवे. ओल धरलेली भिंत एकदा खरवडली की तिचा पुरावा उरत नाही. ज्या कोपऱ्यातून, ज्या उंचीवरून आधीचे चित्र घेतले, तेथूनच नंतरचे घेतले तर पाहणाऱ्याला तुलना करता येते.

दुसरा प्रश्न ग्राहकाला बोलते करण्याचा. त्यासाठी वाक्ये लिहून देऊ नयेत, प्रश्न विचारावेत. काम काढण्यापूर्वी काय त्रास होता? कोणत्या गोष्टीची धास्ती वाटत होती? काम चालू असताना काय बिनसले आणि ते कसे निस्तरले? आज घरात काय वेगळे आहे? या चार प्रश्नांवर माणूस दहा-बारा मिनिटे सहज बोलतो आणि त्यातून दीड मिनिटाचा चांगला अभिप्राय निघतो. तिसरा प्रश्न विचारायला व्यावसायिक कचरतात. परंतु पाहणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्याच्याच उत्तरावर. शिवाजीनगरात उर्दू, तमीळ, कन्नड, मराठी अशा अनेक भाषा कानी पडतात. ग्राहकाला त्याच्या घरच्या भाषेत बोलू द्यावे आणि पडद्यावर खाली अनुवादाच्या ओळी द्याव्यात. चित्रणाच्या वेळी पंखा बंद, रस्त्याकडील खिडकी बंद आणि कॉलरला छोटा मायक्रोफोन, एवढी काळजी पुरते. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक पाहतात. आवाज ऐकू आला नाही तर पाहत नाहीत. चौकटीत कपाटाची तिजोरी, घराचा क्रमांक किंवा दाराचे कुलूप येत नाही ना, हे मात्र अवश्य तपासावे.

तिसरा प्रश्न संमतीचा आणि प्रामाणिकपणाचा. चित्रण कोठे दाखवणार, किती काळ, नावासह की नावाविना, हे लिहून ग्राहकाची सही घ्यावी आणि मागणी येताच ते काढून टाकण्याची हमी त्यातच द्यावी. कापाकापी झाल्यावर अंतिम रूप ग्राहकाला दाखवावे. 'काम चांगले झाले, पण तीन आठवडे उशीर झाला' यातला 'पण'च्या पुढचा भाग गाळला, तर शब्द ग्राहकाचे राहतात, मत मात्र त्याचे राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीतील शिफारस हे त्या व्यक्तीचे खरे, सध्याचे आणि पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेले मत असले पाहिजे. विश्वासार्हतेवर परिणाम करणारा आर्थिक संबंध असेल, तर तोही उघड करावा लागतो. म्हणजे अभिप्रायाच्या बदल्यात बिलात पाच टक्के सूट दिली असेल, तर तसे पडद्यावर दिसायला हवे. त्यापेक्षा सूट न देणे हेच सोपे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्या खातेदारांनी आजींचे चित्रण त्याच दिवशी काढून टाकले आणि पन्हाळीच्या तोंडाचा सांधा उकरून पुन्हा भरला. ऑक्टोबरचा पाऊस सरल्यावर ते परत आजींकडे गेले. या वेळी आजी गच्चीवर पन्हाळीपाशी उभ्या राहून बोलल्या : मेमध्ये येथे गळले होते, दोन दिवसांत माणसे आली, जादा पैसे मागितले नाहीत, त्यानंतरच्या पावसात भिंत कोरडी राहिली.

आता ते सर्व अभिप्राय सर्वांना पाठवीत नाहीत. गच्चीचे अंदाजपत्रक मागणाऱ्याला गच्चीचा एकच अभिप्राय पाठवतात आणि त्याखाली काम पूर्ण झाल्याचा व चित्रणाचा, असे दोन्ही महिने लिहितात. जुन्या नऊ अभिप्रायांपैकी सात त्यांनी स्वतःहून काढून टाकले.

कर्जाची मर्यादा अर्थातच त्यांच्या ताळेबंदावर ठरली. अभिप्राय हे बँकेच्या दृष्टीने तारण नव्हे. परंतु घराच्या कामासाठी कर्ज घेणाऱ्या आमच्या ग्राहकांना मी आता एक सुचवतो. कोणाही व्यावसायिकाचा अभिप्राय पाहताना स्तुतीआधी तारीख पाहावी, आणि मध्ये एक पावसाळा गेला आहे का, ते मोजावे.