फ्रँकफर्टची नव्वद मिनिटं

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेलं विमान सकाळी फ्रँकफर्टला उतरतं. त्यात अमेरिकेला मुलांकडे निघालेले आई-वडील हमखास असतात. मुंबईत सामान देताना त्यांना दोन्ही बोर्डिंग पास मिळालेले असतात, मोठ्या बॅगा थेट शिकागोच्या नावाने गेलेल्या असतात. मध्ये फक्त एक विमान बदलायचं, अशी सगळ्यांची समजूत असते. मुंबईच्या विमानतळावर आपली तपासणी होऊन गेली, नंतर विमानाबाहेर पाऊलही टाकलं नाही, मग फ्रँकफर्टला पुन्हा पट्टा काढून ट्रेसमोर का उभं राहायचं, हा प्रश्न रांगेत उभं राहिल्यावर पडतो.

उत्तर नियमात आहे. दुसऱ्या देशातून येऊन विमान बदलणाऱ्या प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी पुन्हा करावी, हा आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा सर्वसाधारण दंडक आहे. त्यातून सूट मिळते ती ज्या देशाची तपासणी आपल्याइतकीच कडक आहे असं मान्य केलं असेल त्या देशाला. युरोपीय संघाने अशी मान्यता मोजक्या देशांना दिली आहे. त्यांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर आहेत, भारत नाही. म्हणून एकच प्रवासी जाताना आणि येताना दोन वेगळे अनुभव घेतो. शिकागोहून परत येताना तो फ्रँकफर्टला उतरतो आणि पाण्याची बाटली हातात घेऊन सरळ मुंबईच्या गेटकडे चालत जातो. जाताना मात्र तीच बाटली रिकामी करून रांगेत उभं राहावं लागतं. यात आपल्या सीआयएसएफच्या जवानांवर अविश्वास वगैरे काढण्यात अर्थ नाही. दोन सरकारांमधला करार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता वेळेचा हिशोब. फ्रँकफर्टच्या टर्मिनल एकमध्ये विमान बदलायला किमान 45 मिनिटं पुरतात, असं विमानतळ आणि विमान कंपन्या धरून चालतात. तेवढं अंतर असलं की संगणक दोन विमानं एका तिकिटात जोडून विकू शकतो. हा आकडा वेळापत्रकावर चालतो. उशिरा उतरलेलं विमान, मागची रांग, दुखरे गुडघे यांची त्यात गणती नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. साताऱ्याचं एक जोडपं शिकागोला निघालं आहे. वेळापत्रकाप्रमाणे विमान 9 वाजून 5 मिनिटांनी उतरणार आणि पुढचं 10 वाजून 35 मिनिटांनी सुटणार. कागदावर 90 मिनिटं. उतरल्यावर विमान जागेवर लागून दार उघडेपर्यंत सव्वानऊ होतात. यांची जागा अडतिसाव्या रांगेत, त्यामुळे पुढचे सगळे बॅगा काढून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ. विमान पुलाला न लागता मैदानात लांब उभं राहिलं तर बसची वाट आणखी वेगळी. चालत तपासणीच्या रांगेपर्यंत पोहोचायला नऊ चाळीस. दुसऱ्या टोकाला, गेट काही 10.35 ला बंद होत नाही, ते साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे सव्वादहा. नव्वदातली उरली पस्तीस मिनिटं, आणि त्यांतच तपासणीही आली आणि गेटपर्यंतचं चालणंही. लुफ्तान्साची अमेरिकेची बरीच विमानं झेड गेटवरून सुटतात. ही गेटं ए गेटांच्या वरच्या मजल्यावर आहेत, आणि बी विभागातून तिकडे जायला बोगद्यातून जावं लागतं. रमतगमत गेलं तर दहा-पंधरा मिनिटं सहज.

विमानातून बाहेर पडल्यावर पहिली चूक होते ती पाट्या वाचताना. थकलेला माणूस समोरच्या गर्दीमागे जातो, आणि गर्दीतले बरेच जण जर्मनीतच उतरणारे असतात. त्यांची वाट सामानाच्या पट्ट्याकडे आणि पासपोर्ट तपासणीकडे जाते. अमेरिकेला जाणाऱ्याचं तिकडे कामच नाही. त्याला जर्मनीत प्रवेश करायचा नाही, म्हणून पासपोर्टवर शिक्का नको. त्याने फक्त गेटच्या अक्षराची पाटी धरून चालायचं. गेट कधीकधी ऐनवेळी बदलतं, तेव्हा बोर्डिंग पासवर छापलेल्या गेटपेक्षा वाटेतल्या पडद्यावर दिसणाऱ्या गेटवर विश्वास ठेवावा. बर्लिन किंवा पॅरिसला जाणाऱ्याचं वेगळं, त्याला तपासणीशिवाय पासपोर्टची खिडकीही लागते, आणि मग 90 मिनिटंसुद्धा तंग होतात.

रांगेत पुढे जाण्याची विनंती करता येते. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पासवरची वेळ बोटाने दाखवायची. वेळ खरोखर कमी असेल तर तो पुढे सोडू शकतो, पण तो त्याच्या मर्जीचा भाग आहे. पुढच्या प्रवाशांना विचारलं तर तेही बहुधा जाऊ देतात. न विचारता घुसणं मात्र महागात पडतं, वाद मिटेपर्यंत दोन ट्रे पुढे गेलेले असतात.

खरा वेळ जातो तो रांगेत नव्हे, ट्रे सरकल्यानंतर. बॅग यंत्रातून गेली आणि पडद्यासमोरच्या माणसाला शंका आली की ती बाजूच्या पट्ट्यावर वळते. तिथे आधीच चार बॅगा असतात, प्रत्येक उघडून, हातमोजे घालून पाहिली जाते. अशी एक वळलेली बॅग पस्तीसातली दहा-पंधरा मिनिटं खाते. बॅग का वळते हे कळलं तर ती भरतानाच काळजी घेता येते.

जुन्या पद्धतीचं क्ष-किरण यंत्र बॅगेचं सपाट चित्र दाखवतं. एकावर एक ठेवलेल्या वस्तूंच्या सावल्या मिसळतात, म्हणूनच लॅपटॉप बाहेर काढायला लावतात. नवी यंत्रं दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी बॅगेचं त्रिमितीय चित्र काढतात, तिथे लॅपटॉप आत राहिला तरी चालतो. फ्रँकफर्टला दोन्ही प्रकार भेटू शकतात, त्यामुळे कर्मचारी सांगेल तसं करावं, आणि लॅपटॉप एका हालचालीत निघेल असा वर ठेवावा. यंत्राला दोन गोष्टी विशेष खटकतात. एक, ज्यातून किरण पारच जात नाहीत अशी जड धातूची वस्तू, उदाहरणार्थ पितळी समई किंवा बाळकृष्णाची मूर्ती. दुसरी, घट्ट, एकसंध आणि सेंद्रिय वस्तू. डब्यात दाबून भरलेले बेसनाचे लाडू पडद्यावर तसे दिसतात, आणि त्यांची घनता तपासणाऱ्याच्या मनात नको ती शंका आणते. लाडवांना बंदी नाही, पण ते हातातल्या बॅगेत असले तर डबा उघडला जाणार हे धरून चालावं. समई आणि लाडू दोन्ही मोठ्या बॅगेत गेले की प्रश्नच मिटतो.

द्रवाचा नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी त्यातच सर्वाधिक सामान टाकून द्यावं लागतं. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघड झाला. त्यानंतर त्याच वर्षी युरोपने हा नियम आणला: 100 मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजली जाते बाटलीवर लिहिलेली क्षमता, आत उरलेला घोट नव्हे. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नाही. तूप, लोणचं, मुरांबा, श्रीखंड, चिंचेची चटणी, टूथपेस्ट, बाम हे सगळं त्यात येतं. तूप थिजलेलं आहे, हा युक्तिवाद चालत नाही. औषधं आणि लहान बाळाचं खाणं याला सवलत आहे, पण ते बॅगेतून आधीच वेगळं काढून दाखवायचं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधून अत्तराची मोठी बाटली घेतली असेल तर ती दुकानाने सीलबंद केलेल्या खास पिशवीत, पावती आत दिसेल अशी राहू द्यावी. विमानात उत्सुकतेने सील फोडलं की ती बाटली फ्रँकफर्टच्या कचरापेटीत गेली असं समजावं.

अमेरिकेच्या विमानाला आणखी एक अट आहे, ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. 30 जून 2018 पासून हातातल्या सामानात 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासली जाऊ शकते आणि शंका मिटली नाही तर काढूनही घेतली जाऊ शकते. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, नातवासाठी नाचणीचं सत्त्व ही सगळी पूडच. तीही मोठ्या बॅगेत.

मग माणसाची पाळी. फ्रँकफर्टला बायकांची वेगळी रांग आणि पडद्याआडची खोली नसते, सगळे एकाच रांगेतून स्कॅनरमध्ये उभे राहतात. हात वर करून दोन-तीन सेकंद. यंत्र कपड्यांखालची वस्तू शोधतं आणि पडद्यावर माणसाच्या ढोबळ आकृतीत त्या जागी खूण उमटते. तेवढीच जागा हाताने तपासतात, बाईला बाईच. खिशातला रुमालसुद्धा खूण उमटवतो, साडीच्या पिना आणि जाड बांगड्याही. मंगळसूत्र काढायचा आग्रह सहसा होत नाही, पण त्या जागी हात लावून पाहतात. खिसे रांगेतच रिकामे करून सगळं बॅगेच्या कप्प्यात टाकलेलं बरं, ट्रेमध्ये सुटं टाकलेलं पाकीट विसरलं जातं. कधी हातावर किंवा बॅगेवर कागदी पट्टी फिरवून ती यंत्रात घालतात. ही स्फोटकांच्या अंशाची चाचणी, एका मिनिटात संपते.

व्हीलचेअर घेतली की सगळं लवकर होतं, हा समज अर्धाच खरा. मदतनीस वाट जाणतो हे खरं, पण व्हीलचेअरचे प्रवासी बहुधा सर्वांत शेवटी उतरतात आणि मदतनीसाची वाटही पाहावी लागते. ज्यांना लांब चालणं शक्य नाही त्यांनी ती निदान 48 तास आधी मागावीच. अशांनी 90 मिनिटांचं तिकीट मुळात घेऊ नये असं माझं मत आहे. तीन तासांचं थोडं महाग पडलं तरी.

गेटवर पोहोचल्यावरही अमेरिकेच्या विमानासाठी पासपोर्ट आणि व्हिसा पुन्हा पाहतात, कुठे राहणार, असे दोन-चार प्रश्न विचारतात. बोर्डिंग पासवर SSSS अशी अक्षरं असतील तर गेटजवळ बॅग पुन्हा उघडून पाहतात. ती असली तर रांगेत मागे न राहता लवकर पुढे जावं.

आणि सगळं करूनही विमान गेलं तर? दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं असेल, तर पुढच्या विमानात जागा देणं कंपनीचं काम. बऱ्याचदा नवी जागा कंपनीच्या ॲपवर आधीच आलेली असते, म्हणून फोन चालू करून पाहावं, मगच ट्रान्सफर काउंटरच्या रांगेत उभं राहावं. दोन वेगळी तिकिटं स्वस्तात काढली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण न आलेले प्रवासी. शिवाय बॅग फ्रँकफर्टच्या पट्ट्यावर फिरत असणार, आणि तिथवर जायला शेंगेन व्हिसा लागणार. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या पट्टीवर शेवटचं नाव शिकागोचं, म्हणजे ORD, आहे ना हे वाचून घ्यायला अर्धं मिनिट लागतं.