‘मान्य आहे’ दाबलं, म्हणजे सगळंच मान्य?

टोरांटोत उबरवरून जेवण पोहोचवणाऱ्या एका चालकाने 2017 साली कंपनीविरुद्ध दावा लावला. आपण कंत्राटदार नसून कामगार आहोत, त्यामुळे ओंटारिओ प्रांताच्या कायद्यातलं किमान वेतन आणि रजा आपल्याला मिळायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीने या प्रश्नात शिरायचंच टाळलं. चालकाने ॲप सुरू करताना करार मान्य असल्याचं बटण दाबलं होतं, आणि त्या करारानुसार कोणताही वाद कोर्टात न नेता लवादापुढे न्यायचा होता. लवाद ॲमस्टरडॅमला बसणार आणि कायदा नेदरलँड्सचा लागणार, असंही त्यात होतं. ही प्रक्रिया नुसती सुरू करायलाच 14,500 अमेरिकी डॉलर भरावे लागणार होते. वकील आणि प्रवासाचा खर्च वेगळा. चालकाला आठवड्याला 400 ते 600 कॅनेडियन डॉलर मिळत. म्हणजे वर्षाची बहुतेक कमाई दारातच ठेवायची, तेव्हा कुठे तक्रार ऐकली जाणार. आणि फीचा हा आकडा करारात कुठेही लिहिलेला नव्हता.

पहिल्या कोर्टाने करारावर बोट ठेवून दावा थांबवला. अपिलात निकाल फिरला आणि जून 2020 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लवादाची अट रद्दबातल ठरवली. बहुमताच्या निकालपत्राने दोन गोष्टी तपासल्या. दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत होती का? आणि त्या तफावतीतून दुबळ्या बाजूच्या गळ्यात अगदीच तोट्याचा व्यवहार पडला का? चालकाला त्या करारातला एक शब्दही बदलून घेता येत नव्हता आणि त्या अटीमुळे त्याचे कायदेशीर हक्क केवळ कागदावर उरत होते. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली.

या निकालात चालकाने करार वाचला होता की नाही, याला फारसं महत्त्व नाही. तो वाचून समजून घेतला असता, तरी ॲमस्टरडॅमच्या लवादाचा खर्च त्याला कळला नसता. ‘वाचलं नव्हतं’ ही सबब तशी कोर्टात सहसा टिकत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ प्रमाणे करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो निरर्थक ठरत नाही. सहीच्या कागदाबाबत तर आपलं सर्वोच्च न्यायालय कडक राहिलं आहे. भारती निटिंग कंपनीने डीएचएल या कुरिअरने जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं पोहोचली नाहीत आणि व्यवहारात मोठं नुकसान झालं. पण सही केलेल्या पावतीवर जबाबदारी शंभर डॉलरपुरती, असं छापलेलं होतं. 1996 मध्ये न्यायालयाने तेवढेच मंजूर केले.

सही नसलेल्या पावतीचं वेगळं आहे. मद्रासमधल्या एका लाँड्रीने 220 रुपयांची नवी साडी हरवली. बिलामागे छापलं होतं की वस्तू गहाळ झाल्यास गिऱ्हाइकाला बाजारभावाच्या निम्मीच रक्कम मिळेल. मद्रास उच्च न्यायालयाने ही अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवली, कारण ती मान्य केली तर निम्मे पैसे मोजून कोणतीही लाँड्री कोणाचीही कोरी साडी गिळंकृत करू शकली असती. स्क्रीनवरचं बटण या दोन टोकांच्या मध्ये येतं. ते दाबणं ही सहीसारखी कृती आहे, पण ज्या मजकुराला आपण होकार देतो तो बिलाच्या मागच्या बाजूसारखाच नजरेआड असतो. म्हणून मला वाटतं, बटण दाबलं की नाही यावर खल करण्यापेक्षा अट काय म्हणते हे तपासणं अधिक न्याय्य आहे.

आपल्याकडे ग्राहकांसाठी हे काम 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्पष्टपणे केलं. जुलै 2020 पासून लागू झालेल्या या कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना आणली. अवाजवी अनामत, झालेल्या नुकसानीशी काहीच प्रमाण नसलेला दंड, वाजवी कारणाशिवाय एकाच बाजूला करार मोडण्याची मुभा, ग्राहकावर लादलेला अवास्तव आकार किंवा अट, असे प्रकार त्यात येतात.

समजा, नाशिकच्या एका आईने मुलीसाठी वर्षभराचा ऑनलाइन क्लास 60,000 रुपयांना घेतला आणि तिसऱ्या महिन्यात कंपनीने तो बंद केला. अटींमध्ये चार गोष्टी निघतात: पैसे कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत, कंपनी सेवा कधीही थांबवू शकते, तक्रार 30 दिवसांच्या आत करायची आणि वाद बंगळुरूच्या लवादापुढे न्यायचा. पहिल्या दोन अटी एकत्र वाचल्या तर कंपनीने काही न देता पूर्ण पैसे ठेवायचे, असा अर्थ होतो आणि वरच्या व्याख्येत तो चपखल बसतो. 30 दिवसांची मुदत करार कायद्याच्या कलम 28 वर आपटते. कायद्याने दिलेला वेळ तोडून हक्कच संपवणारी अट तिथे निरर्थक मानली आहे, आणि ग्राहक तक्रारीला दोन वर्षं मिळतात. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात कायम केलं. शिवाय ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे बंगळुरूऐवजी नाशिक.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. सेवेतल्या त्रुटीबद्दल पैसे परत मिळवायला नाशिकचा जिल्हा आयोग पुरेसा आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही. मात्र ती अटच अनुचित म्हणून रद्द करून हवी असेल, तर तो अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना दिला आहे. बहुतेकांना पैसे हवे असतात, त्यामुळे लोक जिल्हा आयोगावर थांबतात आणि तीच अट पुढच्या हजारो ग्राहकांसाठी जशीच्या तशी राहते. ग्राहक संघटनांनी राज्य आयोगाकडे जाणं म्हणूनच फार गरजेचं आहे. कोणीही गेलं, तरी खरेदीच्या दिवशी लागू असलेल्या अटी हाताशी हव्यात. कंपन्या त्या नंतर बदलतात, म्हणून पैसे भरतानाच ते पान पीडीएफ करून ठेवावं.

हा कायदा ग्राहकाचा आहे आणि ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. फुकट ॲप वापरणाऱ्याला आपण काय मोबदला दिला, हे आधी पटवावं लागेल. पुण्यात गाडीवरून जेवण पोहोचवणारा मुलगा तर यात बसतच नाही, कारण तो कंपनीकडून काही विकत घेत नाही. त्याला करार कायद्याच्या कलम 23 कडे आणि 1986 च्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या निकालाकडे जावं लागेल. कलकत्त्याच्या या सरकारी कंपनीच्या नियमात तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, कायम नोकराला काढून टाकता येत होतं. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या न्यायमूर्ती मदन यांनी लिहिलं की ताकदीत इतकी तफावत असताना कमजोर माणसाला ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून पर्याय नसेल, तर असा अन्याय्य करार न्यायालय राबवणार नाही. पण तो खटला सरकारी कंपनीचा होता. खासगी ॲपच्या अटींना ते तत्त्व लावून घ्यायचं, तर त्या मुलाला दिवाणी कोर्टाची किंवा उच्च न्यायालयाची पायरी स्वतःच्या खर्चाने चढावी लागेल.