नाकाच्या शेंड्यावरचा फोड

नागीण म्हटली की कमरेला किंवा छातीला एका बाजूने वेढा घालणारा फोडांचा पट्टा डोळ्यांसमोर येतो. ती कपाळावर आणि पापणीवरही उठते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यामुळे चेहऱ्यावर आली की आधी किडा चावल्याचा संशय घेतला जातो, नाहीतर उष्णतेवर खापर फोडले जाते. दरम्यान दोन-तीन दिवस निघून जातात, आणि चेहऱ्यावरच्या नागिणीत हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

दवाखान्यात नेहमी दिसणाऱ्या रुग्णांवरून एक नमुना घेऊ. चौसष्ट वर्षांच्या एक आजी आहेत. सोमवारी त्यांच्या डाव्या कपाळात ठणका सुरू झाला. केसांतून कंगवा फिरवला तरी डोक्याची कातडी झोंबायची. अर्धशिशी असेल म्हणून त्यांनी गोळी घेतली. बुधवारी सकाळी डाव्या भुवईवर लाल चट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका दिसला, पापणीही सुजली. शेजारणीने गेरूचा लेप सुचवला, कुणी नागीण उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. गुरुवारी नाकाच्या शेंड्याच्या डाव्या अंगाला आणखी एक फोड आला. इतका लहान की त्याची दखल कुणी घेतली नसती. पण गावातल्या डॉक्टरांनी कपाळ सोडून आधी तोच पाहिला आणि म्हणाले, "आजी, आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. उद्या नाही."

त्या फोडाला एवढे महत्त्व का? लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले किंवा मधुमेह, कर्करोगावरचे उपचार, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनी प्रतिकारशक्ती खालावली की तो जागा होतो आणि ज्या मज्जातंतूत दडला होता त्याच्याच वाटेने कातडीपर्यंत येतो. प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्याने फोडही मध्यरेषेपाशी थांबतात. दोन टोके जुळली की माणूस दगावतो, या समजाला कसलाही आधार नाही.

चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूची वरची शाखा कपाळ, पापणी आणि डोळा सांभाळते. तिच्यातून एक बारीक उपशाखा फुटते. या उपशाखेचे काही धागे डोळ्याच्या आत, बुबुळावरच्या पारदर्शक कॉर्नियापर्यंत जातात, आणि एक धागा नाकाच्या कडेने उतरून शेंड्याशी संपतो. एकाच वायरीवर दोन दिवे असावेत तसे हे आहे. शेंड्यावर फोड उठला म्हणजे विषाणू त्या वायरीत शिरला आहे, आणि दुसरा दिवा डोळ्यात आहे. लंडनचे सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी 1860च्या दशकात हा संबंध नोंदवला, म्हणून डॉक्टर आजही याला 'हचिन्सनची खूण' म्हणतात. ही खूण असलेल्या साधारण तीन-चतुर्थांश रुग्णांच्या डोळ्याला बाधा झालेली आढळते.

मात्र खूण नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. नाक स्वच्छ असलेल्यांपैकीही जवळपास एक-तृतीयांश जणांचा डोळा बाधित होतो. म्हणून कपाळावर किंवा पापणीवर नागीण आली की डोळा तपासायचाच. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा डोळ्याच्या आत खोल दुखणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी तपासणी हवी. लालीकडे पाहून "डोळे आलेत" असे म्हणून सोडून देणे इथे महागात पडते.

तपासणी तशी सोपी असते. डॉक्टर डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकतात आणि निळ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून कॉर्निया पाहतात. जखम झालेली जागा हिरवी चमकते. मग डोळ्याचा दाब मोजतात, कारण आतल्या सुजेने तो वाढून काचबिंदू होऊ शकतो. बाहुली मोठी करून मागचा पडदाही पाहतात. विषाणूने पडद्याला गाठले तर नजर फार थोड्या दिवसांत जाऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. रंग टाकण्यापूर्वी आणखी एक साधी चाचणी होते. कापसाची बारीक वात कॉर्नियाला हलकेच टेकवतात. निरोगी डोळा पटकन मिटतो. आजींचा उजवा डोळा मिटला, डावा जरा उशिराने मिटला.

विषाणूरोधक गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. आजींचे फोड बुधवारी सकाळी दिसले, म्हणजे शनिवार सकाळपर्यंतची मुदत. त्यांना गुरुवारीच गोळ्या मिळाल्या. असायक्लोव्हिर मोठ्या माणसाला सहसा 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस देतात. व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळा घेतले तरी चालते. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नयेत. उपचार न घेतल्यास चेहऱ्याच्या वरच्या भागातल्या नागिणीत सुमारे निम्म्या रुग्णांचा डोळा बाधित होतो. वेळेवरच्या गोळ्यांनी हे प्रमाण बरेच खाली येते. मुदत उलटून गेली तरी डोळ्याच्या बाबतीत गोळ्या सुरू करतातच, तेव्हा "आता उशीर झाला" म्हणून घरी बसू नये.

घोळ होतो तो थेंबांचा. औषधाच्या दुकानातून "लाली घालवणारे" थेंब आणले जातात आणि त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. आतली सूज कमी करायला नेत्रतज्ज्ञही स्टेरॉइड देतात, पण तपासून, गोळ्यांच्या जोडीने आणि दाबावर लक्ष ठेवून. कॉर्नियावरची जखम दुसऱ्या एखाद्या विषाणूची असेल, तर तेच थेंब ती चिघळवतात. गेरू, चुना किंवा झाडपाल्याचा लेपही पापणीवर नको. तो डोळ्यात उतरतो, शिवाय फोडांत जंतुसंसर्ग होतो. फोडांवर खपली धरेपर्यंत, कांजिण्या न झालेली गरोदर बाई आणि तान्ही मुले यांना रुग्णापासून लांब ठेवावे; त्यांना नागीण नव्हे, कांजिण्या होऊ शकतात.

पहिल्या तपासणीत डोळा ठीक दिसला तरी पुन्हा दाखवायचे असते, कारण आतली सूज फोड सुकल्यावर, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, डोके वर काढते. कापसाच्या वातीचा प्रश्नही संपलेला नसतो. मज्जातंतूचे नुकसान झाले तर कपाळ महिनोन्महिने ठणकते आणि कॉर्निया मात्र बधिर होतो. बधिर डोळ्याला कचरा टोचत नाही, कोरडेपणा कळत नाही, पापण्यांची उघडझाप मंदावते. त्यात व्रण पडला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरांकडे जात नाही. अशा रुग्णांना कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमित घालायला सांगतात. आजींना दर आठवड्याला बोलावले. त्यांच्या मुलाला एक काम दिले होते: रोज सकाळी आईचा उजवा डोळा झाकायचा आणि नुसत्या डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावायची. आदल्या दिवशी वाचता आलेली तारीख आज पुसट दिसली, तर भेटीच्या दिवसाची वाट न पाहता निघायचे.

पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस 2023 पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस असतात आणि ती महाग आहे. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. डोळ्याला बाधा झालेली असेल, तर सूज पूर्ण निवल्यावर केव्हा घ्यायची हे नेत्रतज्ज्ञांना विचारून ठरवावे.